फोनवरचं एकतर्फी बोलणं: पलीकडचा आवाज न ऐकवता सगळं कसं कळवायचं?

प्रश्न: मी एकांकिका लिहितेय. त्यात बहिणीला माहेरून भावाचा फोन येतो, वडिलांच्या जमिनीवरचा हक्क सोडायच्या कागदावर सही करायला ये म्हणून. भावाचा आवाज प्रेक्षकांना ऐकू येत नाही. मी तिच्या तोंडी ‘काय? सही करायला येऊ? हक्क सोडू म्हणतोस?’ अशी वाक्यं घातली आहेत, पण तालमीत ती ऐकताना सगळ्यांना हसू येतं. ती काढली तर काहीच कळत नाही. काय करू?

उत्तर:

हसू येतं ते बरोबरच येतं. खऱ्या आयुष्यात समोरच्याचं वाक्य कुणी जसंच्या तसं परत म्हणत नाही, कारण ज्यानं ते उच्चारलं त्याला ते ठाऊकच असतं. तुमची बहीण भावाशी बोलतच नाहीये. ती पाचव्या रांगेतल्या माणसाला बातमी देते आहे, आणि पाचव्या रांगेतल्या माणसाला ते लगेच कळतं.

गेली बरीच वर्षं मी एकांकिका लिहितो आणि बसवतो. या एका प्रसंगावर मी जितका वेळ घालवला आहे तितका दुसऱ्या कशावर घालवलेला नाही. तुमचाच प्रसंग घेऊन सांगतो.

सगळ्यात आधी भावाचं बोलणं लिहून काढा. पूर्ण, शब्दन् शब्द, ते कधीच ऐकू जाणार नाही हे माहीत असतानाही. बहुतेक जण इथेच चुकतात. ते बहिणीची वाक्यं लिहितात आणि मधे टिंबं टाकतात. त्या टिंबांत भाऊ नेमकं काय बोलला हे लेखकालाच माहीत नसतं, मग नटीला कुठून माहीत असणार, आणि प्रेक्षकाला कुठून? मी तुमचा प्रसंग असा लिहून पाहिला. बहिणीला सुमन म्हणू. ती धाकटी, म्हणून भावाला ‘दादा’ म्हणते आणि अरेतुरे करते.

दादा: काय गं, जेवणं झाली?

सुमन: झाली आत्ताच. तुमची?

दादा: व्हायचीयत. पाय कसा आहे तुझा?

सुमन: बराय. जिना चढताना तेवढा ठणकतो.

दादा: बरं ऐक. सोमवारी जमेल ना यायला? तालुक्याला जायचंय. वकिलांनी कागद तयार केलेत.

सुमन: सोमवारी? कसले कागद?

दादा: अगं, हक्कसोडाचे. बाबांचं वर्षश्राद्ध झालं, आता सातबाऱ्यावरची नावं एकदा नीट करून टाकू. तू फक्त सही-अंगठा द्यायला ये. नुसता सोपस्कार आहे.

आता दादाची वाक्यं हाताने झाका आणि सुमनची वाचा. ‘झाली आत्ताच’ म्हटलं की ‘जेवणं झाली का’ हा प्रश्न आपोआप ऐकू येतो. ‘बराय. जिना चढताना तेवढा ठणकतो’ यातून विचारपूस ऐकू येते, आणि विचारणाऱ्याला हे दुखणं आधीपासून माहीत आहे हेही कळतं, कारण ‘पाय’ हा शब्दसुद्धा तिला उच्चारावा लागला नाही. ज्या उत्तराच्या पोटात प्रश्न असतो असं उत्तर शोधायचं, हेच या लेखनातलं मुख्य काम. ‘हो’, ‘नाही’, ‘ठीक आहे’ यांच्या पोटात काहीच नसतं. अशी ओळ आली की ती हलवून पाहा. ‘हो’च्या जागी ‘सकाळच्या एसटीने निघाले तरच’ असं लिहिलं की पलीकडून काय विचारलं गेलं ते सांगावं लागत नाही.

आपल्या भाषेनं यात फार मोठी सोय करून ठेवली आहे. नुसत्या संबोधनावर आणि क्रियापदावर पलीकडचा माणूस उभा राहतो. ‘बोल रे’ म्हटलं की तो जवळचा, बरोबरीचा किंवा लहान, ‘बोला’ म्हटलं की मानाचा किंवा परका. ‘पोचलास?’ म्हटलं की पुरुष, ‘पोचलीस?’ म्हटलं की बाई. ‘अहो’ हा एकच शब्द, आणि तो कोणत्या सुरात म्हटला यावर नवरा की दुकानदार ते ठरतं. म्हणून कोण बोलतंय हे पहिल्या दोन वाक्यांत कळवणं मराठीत अवघड नाही. फक्त ‘हॅलो, कोण? दादा का?’ असं लिहू नका. घरातल्या जुन्या फोनचा काळ असता तर चाललं असतं. आज मोबाईलवर नाव दिसतं. उलट त्या नाव दिसण्याचा उपयोग करा. फोन वाजतो, ती नाव बघते, लगेच उचलत नाही, हात पदराला पुसते, आणखी एक रिंग जाऊ देते. माहेरचा फोन आहे आणि तिला त्याची धास्ती आहे, हे तोंड उघडायच्या आधीच पोचतं.

आता तुमची खरी अडचण, म्हणजे मुख्य बातमी. हक्कसोड, सही, सोमवार. ती बहिणीच्या तोंडून न म्हणवता कशी कळणार?

एक तर तुमचा प्रेक्षक कोण आहे ते लक्षात घ्या. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच हक्क मिळाला. त्यामुळे बहिणीच्या सहीशिवाय भावाचं काम अडतं, आणि हक्कसोडपत्र नोंदवायचं तर ती दुय्यम निबंधकासमोर लागते. हा फोन महाराष्ट्रात असंख्य घरांत वाजला आहे. ‘बहीण’, ‘वडील गेले’, ‘कागद’, ‘तालुका’ एवढे चार दाणे टाकले की बाकीचं प्रेक्षक स्वतः जुळवतो. मी वरच्या मसुद्यात ‘हक्कसोड’ हा शब्द दादाच्या तोंडी ठेवला आणि सुमनच्या तोंडी एकदाही येऊ दिला नाही. तो शब्द प्रेक्षकाने मनात म्हणायला हवा. गोष्ट अनोळखी असती, समजा पेटंटचा वाद किंवा जहाजाचा विमा, तर एवढ्या कमी शब्दांत भागलं नसतं, आणि तिथे मी हा प्रकार वापरलाही नसता.

दुसरं म्हणजे, पलीकडचा शब्द परत म्हणायला पूर्ण बंदी नाही. माणसं परत म्हणतात, पण बातमी परत म्हणत नाहीत. लागलेला शब्द परत म्हणतात. दादाच्या बोलण्यात सुमनला काय लागलं? ‘सही’ नाही, ‘सातबारा’ नाही. ‘सोपस्कार’ लागला. बापाच्या जमिनीवरून तिचं नाव जाणार, आणि तो त्याला सोपस्कार म्हणतो. तेव्हा ती फक्त एवढंच म्हणते:

सुमन: (बराच वेळ ऐकते. हात थांबतो.) सोपस्कार. (ऐकते.) नाही, काही नाही म्हटलं. बोल तू.

‘सोपस्कार’च्या पुढे प्रश्नचिन्ह नाही, ते मुद्दाम. प्रश्नचिन्ह टाकलं की नटी भुवया वर करते आणि शब्द प्रेक्षकांकडे फेकते. पूर्णविराम ठेवला की तो तिच्याच तोंडात राहतो.

पण ती असं का म्हणाली ते अजून प्रेक्षकाला पुरतं कळलेलं नाही, आणि ते ठीकच आहे. या प्रसंगात प्रेक्षक दोन वाक्यं मागे असला तर चालतो. किंबहुना तसाच असावा, म्हणजे तो पुढे झुकून ऐकतो. पुढच्या एका वाक्यात मागचं सगळं उजळलं पाहिजे. मी ते वाक्य आठवणीचं केलं:

सुमन: बाबांच्या दिवसांत तूच म्हणालास ना, सुमे, आंब्याखालचा तुकडा तुझा.

इथे वडील गेले, जमीन आहे, वचन दिलं होतं आणि आता ते फिरवलं जातंय, या चारही गोष्टी कळतात. आणि हे परत म्हणणं नाही. ती भावाला त्याचंच जुनं बोलणं ऐकवते आहे, त्यामुळे तिला हे बोलायला कारण आहे. जी माहिती द्यायची ती आरोपात, आर्जवात किंवा सबबीत गुंडाळून द्या. नुसती माहिती म्हणून आली की ती उघडी पडते.

यानंतर दादा फोन वहिनीकडे देतो, असं मी केलं. तुमच्या कथेत वहिनी नसेल तर नका घेऊ, पण एकाच फोनवर माणूस बदलला की प्रेक्षकाला केवढं काही मिळतं ते पाहा:

सुमन: कर्जाचं माहितेय रे मला. (ऐकते.) नको, त्यांना कशाला… (थांबते. सूर बदलतो.) हं वहिनी, बोला. (ऐकते.) नाही हो, राग कसला. (ऐकते.) माहेर तुटण्यासारखं मी काय बोलले? (ऐकते.) बरं. (ऐकते.) बरं बरं.

‘रे’ गेलं आणि ‘हो’ आलं. आवाज अर्धी पट्टी वर गेला, त्यात औपचारिक गोडवा आला. पलीकडे फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला हे सांगायला दुसरं काही लागलं नाही. आणि वहिनीनं ‘माहेर तुटेल’ ही धमकी कशी दिली असेल, सौम्य की उघड, हे प्रत्येक प्रेक्षक आपापल्या वहिनीच्या आवाजात ऐकतो. पलीकडचा आवाज बंद ठेवण्याची खरी मिळकत ही आहे.

शेवटचे ‘बरं’ आणि ‘बरं बरं’ नटीसोबत बसून नीट ठरवा. ‘हं’ म्हणजे ऐकतेय. ‘बरं’ म्हणजे मान्य. ‘बरं बरं’ म्हणजे पुरे करा आता. ‘हो का’ म्हणजे विश्वास बसत नाही. ‘अस्सं’ म्हणजे लागलं. हे हुंकार कुठेही पेरले तर प्रसंग पातळ होतो. मी दादाच्या लांब वाक्यात, तो जिथे श्वास घेईल तिथे एकच ‘हं’ ठेवतो.

आता हातांचं. सुमन फोनवर असताना काय करते? नुसती उभी राहून बोलली तर विरामांत स्टेज मरतं. मी तिला डाळिंब्या सोलायला बसवली. मोड आलेले वाल पाण्यात, बोटाच्या चिमटीत दाबला की दाणा सालीतून सुटतो आणि टपकन पातेल्यात पडतो. फोन खांदा आणि कान यांत दाबलेला. तब्येतीची विचारपूस चालू असते तोवर दाणे एका लयीत पडतात. ‘कागद’ आले की लय मंदावते. ‘सोपस्कार’ला हात पाण्यातच राहतो. वहिनी आली की ती भराभर सोलायला लागते आणि साली पातेल्यात, दाणे सालींत जायला लागतात. यातलं एकही वाक्यात लिहायचं नाही, पण दादाच्या प्रत्येक वाक्याचा परिणाम हातांवर दिसतो. माझ्या अनुभवात काही बघायला नसेल तर प्रेक्षक तीन-चार सेकंदांच्या शांततेपलीकडे अस्वस्थ होतो. दादाचं हक्कसोडाचं वाक्य मोठ्याने म्हणून घड्याळ लावा, आठ-दहा सेकंद सहज जातात. ती शांतता या हातांवरच पेलायची.

पण हात गुंतले की आजची बाई सरळ स्पीकर लावेल. हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात येण्याआधी तुमच्या मनात यायला हवा. स्पीकर न लावण्याचं कारण रंगमंचावर दिसलं पाहिजे. मी आतल्या खोलीत सासू ठेवली. ती दिसत नाही, फक्त दार अर्धं उघडं आहे आणि सुमन फोन उचलण्याआधी त्या दाराकडे बघते. माहेरची गोष्ट सासरी ऐकू जायला नको. या एका नजरेत स्पीकरचा प्रश्न मिटला आणि तिला हळू बोलायचं कारणही मिळालं.

आता तुम्ही जे वाक्य काढून टाकायला निघालात, ‘सही करायला येऊ?’, ते मला परत आणायचं आहे. मोठ्याने, स्पष्ट, शब्द फोडून. फक्त त्याला कारण हवं. परत म्हणायला भाग पाडणाऱ्या जागा जगात असतात: रेंज नसणं, पत्ता किंवा आकडा लिहून घेणं, खोलीतल्या तिसऱ्या माणसाला सांगणं, आणि कमी ऐकू येणारं म्हातारं माणूस. रेंजचं कारण फार वापरून झिजलं आहे, ते टाळा. मी आई आणली. वहिनीनं काम झालं नाही असं पाहून फोन आईच्या कानाला लावला:

सुमन: आईला कशाला उठवताय… (थांबते.) आई. (ऐकते. दाराकडे बघत, हळू.) मी सुमन. (ऐकते. थोडं मोठ्याने.) सुमन! जेवलीस का? (ऐकते.) जेव-लीस का! (बराच वेळ ऐकते. हात ओलेच, मांडीवर.) येते. (ऐकते.) सोमवारी. (ऐकते.) सो-म-वारी! (ऐकते.) करते गं. (ऐकते. डोळे मिटून, मोठ्याने.) सही करते! सगळं दादाच्या नावावर करते! (आतून सासूच्या पलंगाची करकर. सुमन दाराकडे बघते. हळू.) रडू नको.

तुमच्या मसुद्यात जे वाक्य माहिती देत होतं तेच इथे हरणं झालं. जे तिला कुणाला ऐकू द्यायचं नव्हतं ते तिला ओरडून म्हणावं लागलं, आईला ऐकू यावं म्हणून, आणि ते सासूनंही ऐकलं. आणि ‘रडू नको’वरून आईनं काय केलं ते कळलं. आईला हे पटलेलं नाही, तिलाही भाग पाडलंय, हे मी कुठेच लिहिलेलं नाही, तरी वाचून दाखवल्यावर ते प्रत्येकाला कळतं.

फोन ठेवल्यावर सासू बाहेर येऊन ‘काय झालं गं?’ विचारेल आणि सुमन सगळं सांगेल, हा मोह होईल. तसं लिहिलंत तर आधीची तीन मिनिटं वाया गेली. सासूला विचारू दे, ‘कुणाचा गं?’ सुमननं म्हणावं, ‘दादाचा. जेवणं झाली का विचारत होता.’ आणि पातेल्यातल्या साली वेचायला लागावं.

लिहून झालं की एक परीक्षा घ्या. ज्याला कथा माहीत नाही असा माणूस बसवा, सुमनची बाजू विरामांसकट वाचून दाखवा आणि त्याला ‘कळलं का?’ असं विचारू नका. त्यावर सगळे हो म्हणतात. त्याच्या हातात कागद द्या आणि पलीकडचं बोलणं त्याला लिहायला सांगा. त्यानं लिहिलेला दादा तुमच्या दादाशी आशयानं जुळला तर काम झालं. जिथे त्याचा दादा वेगळंच बोलतो तिथे तुमची ओळ फितूर आहे. मी हा प्रसंग वाचून दाखवल्यावर एकानं वहिनीच्या जागी नणंद लिहिली होती, कारण तेव्हा माझ्या मसुद्यात ‘हं, बोला’ एवढंच होतं. त्या दिवशी ‘वहिनी’ हा शब्द आत आला. आकडे, सर्व्हे नंबर, वकिलाचं नाव अशा गोष्टी मात्र या वाटेनं पोचत नाहीत. त्या लागतच असतील तर दुसऱ्या प्रसंगात कागदावर दाखवा.

तालमीत पहिले आठ-दहा दिवस दादा, वहिनी आणि आई यांची वाक्यं म्हणायला विंगेत खरी माणसं उभी करा आणि नटीला खऱ्या फोनवरून ती ऐकू द्या. तिच्या ‘हं’ची जागा तेव्हाच पक्की होते. फोन प्रेक्षकांच्या बाजूच्या कानाला लावू देऊ नका, त्यानं चेहरा झाकला जातो. विंगेकडच्या कानाला लावा. प्रयोगाच्या दिवशी तिचा फोन विमान मोडवर हवा, आणि रिंग ध्वनिसंयोजकानं द्यावी. तिचं बोट लागलं त्याच क्षणी ती तुटली पाहिजे.

आणखी एक, जे मला फार उशिरा कळलं. प्रयोग वाढले की विराम आक्रसतात. नटीला पुढचं वाक्य पाठ असतं, पलीकडचं ती विसरायला लागते, आणि आठव्या-दहाव्या प्रयोगापर्यंत दादाचं दहा सेकंदांचं वाक्य दोन सेकंदांत संपतं. प्रेक्षकाला चूक कळत नाही, फक्त पलीकडे कुणी नाही असं वाटायला लागतं. माझ्या एका एकांकिकेत हे झालं, आणि मी काही दिवस संहितेतच दोष शोधत बसलो होतो. आता दर चार-पाच प्रयोगांनंतर एक तालीम विंगेतल्या आवाजांसह घेतो. दादाचं काम करणाऱ्या मुलाला त्याची वाक्यं अजून पाठ आहेत.